रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एकच लंब: अप्रत्यक्ष सिद्धता

इयत्ता नववीच्या भूमितीच्या तासासाठी, नागपूर

वहीत 12 सेमी लांबीची रेषा l काढा. तिच्यापासून 6 सेमी वर बिंदू P घ्या. गुण्या लावून P मधून l वर लंब टाका आणि लंबपादाला M नाव द्या. आता M पासून 1 मिमी सरकून l वर N घ्या आणि PN जोडा. N पाशी होणारा कोन सुमारे 89° भरतो. आपल्या कोनमापकावर सगळ्यात लहान खूण 1° ची असते आणि पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते. त्यामुळे PN हासुद्धा लंबच आहे असे कुणी म्हटले, तर मोजून त्याला चूक ठरवणे कठीण आहे. मोजमाप इथे कमी पडते, म्हणून सिद्धता लागते.

आधी विधान नीट वाचू. "एकच लंब" यात दोन गोष्टी आहेत: निदान एक लंब आहे, आणि एकापेक्षा जास्त नाहीत. पहिली गोष्ट रचनेने मिळते. P केंद्र धरून l ला A आणि B मध्ये छेदणारा कंस काढा. मग A आणि B वरून AB च्या निम्म्याहून मोठ्या, सारख्याच त्रिज्येचे कंस काढा. ते P च्या विरुद्ध बाजूला जिथे छेदतील तो बिंदू P ला जोडला की लंब तयार होतो. इथे सिद्ध करायची आहे ती दुसरी गोष्ट.

पक्ष: बिंदू P रेषा l वर नाही.

साध्य: P मधून l ला एकापेक्षा जास्त लंब काढता येत नाहीत.

सिद्धता: समजा, साध्य असत्य आहे. म्हणजे P मधून l ला दोन भिन्न लंब आहेत. ते l ला अनुक्रमे M आणि N मध्ये छेदतात.

M आणि N हे भिन्न बिंदू आहेत. ते एकच असते, तर P आणि M या दोन बिंदूंतून एकच रेषा जात असल्याने दोन्ही लंबही एकच झाले असते.

P हा l वर नाही, M आणि N मात्र l वर आहेत. म्हणून P, M, N नैकरेषीय आहेत आणि त्यांचा ΔPMN तयार होतो.

PM ⊥ l म्हणून ∠PMN = 90°. PN ⊥ l म्हणून ∠PNM = 90°.

∠PMN + ∠PNM + ∠MPN = 180° (त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज)

∴ 90° + 90° + ∠MPN = 180°

∴ ∠MPN = 0°

पण त्रिकोणाच्या कोणत्याही कोनाचे माप 0° पेक्षा जास्त असते. ही विसंगती आहे. ती दोन भिन्न लंब मानल्यामुळे आली, म्हणून ते गृहीत असत्य आहे. P मधून l ला एकापेक्षा जास्त लंब काढता येत नाहीत. हेच सिद्ध करायचे होते.

उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त चुका "समजा" नंतरच्या पहिल्याच ओळीत होतात. "समजा, P मधून एकही लंब काढता येत नाही" असे लिहिले की पुढचे सगळे वाया जाते. "एकापेक्षा जास्त नाहीत" याच्या विरुद्ध विधान "निदान दोन आहेत" हे आहे. "भिन्न" हा शब्दही गाळू नका, कारण M आणि N एकच निघाले तर त्रिकोणच उरत नाही. आकृतीबद्दलही एक सांगायला हवे. M आणि N पाशी काटकोनाची खूण केली की आकृती वेडीवाकडी दिसते, आणि मुले ती खोडून पुन्हा काढत बसतात. ती बरोबर काढताच येणार नाही. जे अस्तित्वात नाही त्याचीच ती आकृती आहे. M आणि N मध्ये 4 सेमी अंतर ठेवा, खुणा करा आणि पुढे चला.

"लंब म्हणजे सर्वांत लहान अंतर, आणि सर्वांत लहान अंतर एकच असते" ही सिद्धता आम्ही स्वीकारत नाही. सर्वांत लहान अंतर एकाच बिंदूपाशी मिळते हेच आधी सिद्ध करावे लागते, आणि ते करताना आपण बहुधा याच प्रमेयाचा आधार घेतो.

वरच्या सिद्धतेचा सगळा भार 180° च्या नियमावर आहे, आणि तो नियम समांतर रेषांच्या गृहीतकावर उभा आहे. तुमच्या क्रमात हे प्रमेय 180° च्या आधी येत असेल, तर दुसरी वाट घ्या. ती आम्हाला जास्त आवडते, कारण तिला समांतर रेषा लागतच नाहीत.

पुन्हा M आणि N दोन भिन्न लंबपाद माना. PM हा M च्या पलीकडे वाढवा आणि MP′ = MP होईल असा P′ घ्या. ΔPMN आणि ΔP′MN मध्ये PM = P′M, ∠PMN = ∠P′MN = 90° आणि बाजू MN सामाईक आहे. बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत. म्हणून ∠P′NM = ∠PNM = 90°. P आणि P′ हे l च्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून हे दोन कोन संलग्न आहेत. त्यांच्या मापांची बेरीज 180° आहे, म्हणून P, N, P′ एकरेषीय आहेत. P, M, P′ तर रचनेनेच एकरेषीय आहेत. याचा अर्थ रेषा PP′ वर M आणि N दोन्ही आहेत, म्हणजे ती रेषा l च आहे. मग P हा l वर आला. हे पक्षाच्या विरुद्ध आहे.

या सिद्धतेत "दोन बिंदूंतून एकच रेषा जाते" हा नियम नेमका कुठे लागला ते पृथ्वीगोलावर छान दिसते. नागपूरचे रेखावृत्त सुमारे 79° पूर्व, मुंबईचे सुमारे 73° पूर्व. दोन्ही विषुववृत्ताला काटकोनात छेदतात आणि दोन्ही उत्तर ध्रुवावर मिळतात. म्हणजे ध्रुवावरून विषुववृत्ताला दोन लंब झाले, आणि त्या त्रिकोणाचे कोन 90°, 90° आणि 6°, बेरीज 186°. दुसरी वाट इथे चालवून पाहा. ध्रुव P घेतला की P′ हा दक्षिण ध्रुव येतो. त्रिकोण एकरूप होतात, P, N, P′ एका रेखावृत्तावर येतात, सगळे पार पडते. अडते ते शेवटच्या पायरीवर, कारण गोलावर दोन ध्रुवांमधून एक नाही, अगणित महावर्तुळे जातात. तिथे विसंगती येतच नाही, आणि प्रमेयही खरे ठरत नाही.

राहिला P हा l वरच असण्याचा प्रकार. तिथे त्रिकोण तयार होत नाही, म्हणून सिद्धता वेगळी. समजा m आणि n हे P मधून l ला दोन भिन्न लंब आहेत. l च्या एकाच बाजूला m वर A आणि n वर B घ्या, आणि l वर Q घ्या. ∠APQ = ∠BPQ = 90°. किरण PQ च्या एका बाजूला दिलेल्या मापाचा एकच कोन काढता येतो. म्हणून किरण PA आणि PB एकच, म्हणजे m आणि n एकच. विसंगती. मात्र इथे सगळे एकाच प्रतलात आहे असे लिहायलाच हवे. वर्गातल्या छताच्या पंख्याकडे पाहा. दांडी उभी आहे आणि तिच्या एकाच ठिकाणाहून आडवी निघालेली तिन्ही पाती तिच्याशी काटकोनात आहेत. P रेषेबाहेर असेल तर ही अट वेगळी लिहावी लागत नाही, कारण P आणि l मिळून प्रतल आपोआपच ठरते.