पाऊण तासानंतरचा माणूस

गणपतीनंतर सावंतकाकांनी महेशला काउंटरच्या आत घेतलं. त्याआधी तो लालबागच्या त्याच परमिट रूममध्ये टेबलं पुसायचा, नंतर वेटर झाला होता. तीस, साठ, नव्वद ही मापं हाताला लगेच बसली.

"ते कुणालाही जमतं," काका म्हणाले. "कुणाला द्यायची नाही, ते शीक."

महेशला वाटलं, त्यात शिकायचं काय? जो ओरडतो त्याला चढली. चार नंबरवर कुरियरवाली पोरं टेबल बडवत होती. त्याने वेटरला 'बस' अशी खूण केली, तर काकांनी त्याचा हातच खाली केला.

"अरे, ती घरनंच तशी येतात. तिसऱ्यांदा शेंगदाणे मागवलेत, मध्येमध्ये पाणी पितायत. एकाने हिशेब चुकवला तर दुसरा लगेच धरतोय. त्यांना काय झालंय?" मग काकांनी हनुवटीनेच कोपरा दाखवला. "तिकडे बघ."

कोपऱ्यात मोडकसाहेब होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारच्या खुर्चीवर हेल्मेट, तोंडातून अवाक्षर नाही.

"गप्प बसलेत की."

"किती सांभाळून बसलेत ते बघ. ग्लास ठेवताना आधी करंगळी टेबलाला लावून बघतात. काकडी आणलीय तशीच पडलीय. मघाशी बाथरूमला गेले, तर वाटेतल्या एकूण एक खुर्चीच्या पाठीला हात लावत गेले. शुद्धीतला माणूस एवढी काळजी घेतो होय?"

"पण बोलणं तर सरळ आहे त्यांचं."

"आत्ता सरळ आहे. घशाखाली गेलेली पुरती चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, रिकाम्या पोटी लवकर. तू समोरचा माणूस बघतोस. पाऊण तासानंतरचा बघायचा."

त्या रात्री काकांनी मोडकांना 'नाही' म्हटलंच नाही. सोडा उशिरा पाठवला, बर्फ संपलाय म्हणाले, मधल्या वेळात न मागवलेली अंडाबुर्जी गेली. तासाभराने मोडक स्वतःच बिल मागून टॅक्सीने गेले.

मग महेशला नादच लागला. रोज तीच रम पिणारा मेनू कार्ड उघडून वाचायला लागला की तो सावध होई. पाकीट दोनदा उघडून नोटा मोजणारा, वेटरला उगाच चारदा थँक्यू म्हणणारा, पहिला पेग तासभर पुरवून तिसरा दोन घोटांत संपवणारा, सगळे त्याला दिसायला लागले. काही वेळा अंदाज साफ चुकायचाही. एकदा चालताना तोल जाणाऱ्या गृहस्थांना त्याने बिल पाठवलं. त्यांचा गुडघा दुखत होता.

शिमग्याला काका गावी गेले आणि काउंटर एकट्या महेशवर आलं. शनिवार होता. मोडक आले, हेल्मेट खुर्चीवर, चावी टेबलावर. चौथी सिक्स्टी संपली तेव्हा अकरा वाजत होते. पाचवी मागताना ते "एक लार्ज" हे दोन शब्द फार नीट, सुटेसुटे बोलले.

महेशने बुर्जी पाठवली. ती परत आली. बर्फाची सबब सांगितली. "नीट घेईन," मोडक म्हणाले.

गल्ल्यावरून शेट बघत होते. "अरे, दे ना. दंगा करतोय काय तो?"

"शेट, गाडी आहे त्यांच्याकडे."

"त्यांची गाडी, त्यांचं लायसन. तुला काय?"

महेश काउंटरमधून बाहेर आला. वेटरकडून निरोप देण्यासारखं हे काम नव्हतं. मोडकांच्या समोर न राहता तो शेजारी उभा राहिला, म्हणजे इतर टेबलांना काही दिसू नये, आणि हळूच म्हणाला, "साहेब, आज माझ्याकडून एवढंच. पुलाखाली नाकाबंदी आहे, फुगा फुंकायला लावतायत. टॅक्सी बोलावलीय."

"मला चढली म्हणतोस?" आवाज अजिबात वाढला नाही. "बारा वर्षं येतोय मी इथे. सावंत कुठाय?"

"गावी गेलेत. तुम्ही माझ्यावर रागवा, साहेब."

मोडकांनी नोटा टेबलावर ठेवल्या, एक पैसाही वर नाही. हेल्मेट उचललं. चावी महेशने बिलाच्या ताटलीखाली आधीच सरकवली होती, ती त्यांना दिसली नाही. खिसे चाचपत ते टॅक्सीत बसले. शेट रात्रभर महेशशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दी व्हायच्या आधीच मोडक काउंटरपाशी आले. महेशने न बोलता चावी पुढे केली. ती त्यांनी लगेच उचलली नाही.

"काल किती झाल्या होत्या माझ्या?"

"चार, साहेब. लार्ज."

"मला तीन आठवतायत." ते थोडा वेळ बाटल्यांकडे बघत राहिले. "आणि बाराशे दिले का मी?"

"अकराशे चाळीस. बरोबर दिलेत."

"मग टिप?"

"नाही दिली."

मोडकांनी खिशात हात घातला.

"ती काका आल्यावर त्यांना द्या," महेश म्हणाला. "आज काय खाणार, आधी ते सांगा."