विषय: गुरुवारच्या मुलाखतीची वेळ बदलण्याबाबत विनंती

नमस्कार मॅडम,

वरिष्ठ लेखापाल पदासाठी गुरुवारी, १२ तारखेला सकाळी ११ वाजता आपण मला मुलाखतीला बोलावले आहे, त्याबद्दल मनापासून आभार.

मात्र त्याच दिवशी आमच्या कार्यालयात लेखापरीक्षक येणार असल्याचे आज दुपारी कळले. ताळेबंदाचे काम माझ्याकडेच असल्याने त्यांच्या शंकांची उत्तरे द्यायला मला दिवसभर तिथे थांबावेच लागेल. हे ऐनवेळी दुसऱ्या कोणावर सोपवणे मला योग्य वाटत नाही.

शुक्रवारी दुपारी ३ नंतर किंवा सोमवारी, १६ तारखेला कधीही मी येऊ शकते. तेही सोयीचे नसेल तर आपण सांगाल ती वेळ जुळवून घेईन. या पदासाठी मी खरोखर उत्सुक आहे. आपली गैरसोय होत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आपली नम्र,
मीनल