टी-टू पिकअप: संतोषदादा आणि एलेनबाई यांच्यातलं फोनवरचं बोलणं

ट्रॅव्हल डेस्क, दुपारची पाळी. नोंद: अनघा

गाडी पांढरी इनोव्हा, नंबरचे शेवटचे आकडे ४४१७. पाहुण्या एलेनबाई, उद्या सकाळी पुण्यात व्याख्यान. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, टर्मिनल २. गाडी लागायची वेळ दुपारी साडेचार. दादांना इंग्रजी येत नाही आणि बाईंना मराठी-हिंदी काहीच कळत नाही, म्हणून सगळं बोलणं डेस्कवरून झालं. बाईंकडे इथलं सिम नाही, विमानतळाच्या वाय-फायवर कॉल लागतो तेवढाच. उशीर, जादा किलोमीटर आणि रस्ता बदलण्याचं कारण अकाउंट्सवाले विचारतीलच, म्हणून बोलणं जसं झालं तसं लिहिलंय. बाई जिथे लांब बोलल्या तिथे दादांना मराठीत जे सांगितलं तेवढंच ठेवलं आहे.

४:१८, दादांचा आवाजी मेसेज

"ताई, नमस्कार. अंधेरी सबवेत पाणी भरलंय, पोलिसांनी बंद केलाय. माझ्या डोळ्यादेखत बॅरिकेड आडवं लावलं बघा. मागं वळायला पण जागा नव्हती, कशीबशी गाडी काढली. गोखले ब्रिजचं तर विचारूच नका, सगळी गर्दी तिकडंच वळलीय. मी आता एस. व्ही. रोडनं पार्ल्याकडं घेतो, तिथनं पूल चढून पलीकडं हायवेला येतो. मॅडमना सांगा, दहा मिनिटात पोचतोच."

हा मेसेज बाईंना लगेच सांगितला नाही. पार्ल्याचा वळसा घालून दहा मिनिटांत टी-टू शक्यच नाही. आधी दादांना फोन लावला.

मी: दादा, आत्ता नेमके कुठे आहात?

दादा: इर्ल्याच्या अलीकडं. हलतंय, पण मुंगीच्या पावलानं.

मी: पार्ल्याचा पूल यायला किती वेळ?

दादा: पंधरा-वीस मिनिटं तरी धरा.

मी: आणि तिथून पुढे?

दादा: पूल उतरून हायवेला लागलो की झालंच. सहारचा वरचा रस्ता धरला की पाण्याची भानगड नाही. पण त्याच्या आधी हायवेला काय वाढून ठेवलंय, ते इथनं नाही ना दिसत.

मी: म्हणजे पार्किंगमध्ये गाडी लागेपर्यंत पाऊण तास सांगू?

दादा: पाऊण तास... हां, सांगा. पण मॅडम चिडतील का हो?

मी: दहा सांगून पाऊण तास लावलात तर नक्की चिडतील. पाऊण सांगून आधी आलात तर खूश होतील.

४:२५, एलेनबाईंना फोन

मी: हॅलो एलेन, धिस इज अनघा फ्रॉम द ट्रॅव्हल डेस्क. युअर ड्रायव्हर, संतोष, इज ऑन हिज वे, बट ही इज रनिंग लेट. प्लीज एक्स्पेक्ट हिम ॲट अबाउट टेन पास्ट फाइव्ह. ॲन अंडरपास ऑन हिज रूट इज फ्लडेड अँड द पोलिस हॅव क्लोज्ड इट, सो ही इज टेकिंग अ लाँगर वे राउंड. ही इज सॉरी अबाउट द वेट.

"सॉरी" हा शब्द दादांच्या तोंडून आलेला नाही. "मॅडम चिडतील का हो" यातच ते आलं असं धरून मी घातला. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर "ड्रायव्हरने चूक कबूल केली" असा अर्थ कोणी काढू नये. सबवे भरला यात त्यांचा काय दोष?

बाई: दॅट्स ऑल राइट. आय हॅव माय बॅग्ज. शुड आय गो आउट अँड वेट फॉर हिम देअर?

मी: प्लीज डोन्ट, नॉट येट. वन्स यू गो आउट, दे वोन्ट लेट यू बॅक इन, अँड यू मे लूज द वाय-फाय. स्टे इनसाइड, आय विल टेल यू व्हेन टु वॉक. अँड इफ एनीवन सेज युअर कार इज कॅन्सल्ड, से नो अँड कॉल मी.

शेवटचं वाक्य दादांचंच. फोन ठेवताना म्हणाले होते, "त्यांना सांगा, कोणी गोडगोड बोलून बॅग उचलली तर देऊ नका." दादांच्या अनुभवात असे पाहुणे होऊन गेलेत, त्यामुळे गाळलं नाही.

४:४७, एलेनबाईंचा फोन

आवाज चढलेला होता. दादांचं लाइव्ह लोकेशन मी त्यांना पाठवलं होतं, ते बघून त्या घाबरल्या. दादांना लाइनवर घेतलं.

मी: दादा, मॅडम म्हणतायत, गाडी लांब लांब चाललीय. नकाशात तुम्ही खाली दक्षिणेला सरकताय आणि आता टर्मिनल एकच्या जवळ दिसताय. त्यांना वाटतंय तुम्ही चुकीच्या टर्मिनलला निघालात. त्यांनी स्वतः चालत तिकडे यायचं का, असं विचारतायत.

दादा: अहो नको नको! चालत कुठं येताय, मधे अख्खं विमानतळ आहे! एक नंबर वाटेत लागतं म्हणून तसं दिसतंय. मी पार्ल्याच्या पुलावर आहे. पूल उतरलो की हायवे, हायवेवरनं वर अंधेरीकडं, मग सहारच्या वरच्या रस्त्यानं थेट दोन नंबर. खाली आल्याशिवाय पलीकडं जायला मिळतच नव्हतं. रेल्वे ओलांडायला पूल पाहिजे ना!

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा होता आणि बाईंना तो ठाऊक असण्याचं कारणच नाही. गाडी पश्चिमेला, विमानतळ पूर्वेला, मधे लोकलचे रूळ. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या, त्यातली एक पाण्याखाली आणि दुसरी तुंबलेली.

मी: एलेन, ही इज नॉट गोइंग टु टर्मिनल वन. ही इज ओन्ली पासिंग निअर इट. ही वॉज ऑन द वेस्ट साइड ऑफ द रेल्वे लाइन अँड द एअरपोर्ट इज ऑन द ईस्ट. द निअरेस्ट क्रॉसिंग इज फ्लडेड, द नेक्स्ट वन इज जॅम्ड, सो ही हॅड टु ड्राइव्ह साउथ टु फाइंड अ ब्रिज. ही इज ऑन दॅट ब्रिज नाऊ. इन अ फ्यू मिनिट्स यू विल सी हिम टर्न नॉर्थ, टुवर्ड्स यू. प्लीज डोन्ट वॉक एनीव्हेअर.

बाई: ओह, आय सी. द रेल्वे. ओके. बट शुड आय जस्ट टेक अनदर टॅक्सी?

मी: दादा, मॅडम विचारतायत, दुसरी टॅक्सी केली तर बरं पडेल का.

दादा: (जरा थांबून) त्यांची मर्जी. पण ताई, मी दुपारपासून याच ड्युटीवर आहे. दुसरी गाडी पुण्याला जायला तयार झाली तरी निघणार याच पाण्यातनं ना? मला पंधरा-वीस मिनिटं द्या म्हणावं.

मी: ही सेज इट इज युअर चॉइस. ही आस्क्स फॉर फिफ्टीन टु ट्वेंटी मिनिट्स. एनी टॅक्सी विल हॅव टु गो थ्रू द सेम रेन. माय ॲडव्हाइस इज टु वेट फॉर हिम.

"त्यांची मर्जी" दादा ज्या सुरात म्हणाले, तो सूर पलीकडे पोचवला नाही. शब्द पोचवले. "माय ॲडव्हाइस" पासून पुढचं माझं स्वतःचं, म्हणून ते वेगळं काढून सांगितलं. बाई थांबायला तयार झाल्या. नंतर त्यांनीच कळवलं की गाडी आता वर सरकताना दिसतेय.

५:१२, दादांचा फोन

दादा: लागली गाडी, ताई. मल्टिलेव्हल पार्किंगमध्ये आहे. नावाची पाटी घेऊन बाहेरच्या दारासमोर उभा राहतो. निळा शर्ट. पाटीवरची शाई जरा पसरलीय पावसानं, पण नाव वाचता येतंय.

मी: एलेन, संतोष इज हिअर. यू कॅन वॉक आउट नाऊ. ही इज राइट आउटसाइड द एक्झिट, इन अ ब्लू शर्ट, होल्डिंग अ साइन विथ युअर नेम. द इंक हॅज रन अ लिटल. द कार इज अ व्हाइट इनोव्हा, लास्ट डिजिट्स फोर फोर वन सेव्हन. चेक द नंबर बिफोर यू गेट इन.

५:२०ला दोघं गाडीत. पुढचं बोलणं दादांच्या फोनवर, स्पीकर लावून झालं.

दादा: ताई, मॅडमना आधीच सांगून ठेवा, नाहीतर परत नकाशा काढतील. नेहमीसारखं वाशीवरनं जात नाही. आमच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मानखुर्दला पाणी असल्याचं आलंय. मी जेव्हीएलआर धरतो, ऐरोलीचा पूल, मग ठाणे-बेलापूर रोडनं कळंबोली. तिथनं एक्स्प्रेसवे.

मी: एलेन, ही वॉन्ट्स यू टु नो द रूट इन ॲडव्हान्स. द यूज्वल रोड आउट ऑफ मुंबई हॅज वॉटर ऑन इट, अकॉर्डिंग टु अदर ड्रायव्हर्स. सो ही विल गो नॉर्थ फर्स्ट, क्रॉस द क्रीक ॲट ऐरोली, अँड जॉइन द एक्स्प्रेसवे ॲट कळंबोली. इट विल लुक लाइक द राँग डायरेक्शन फॉर अ व्हाइल.

बाईंनी विचारलेलं दादांना मराठीत: "समुद्रावरचा मोठा पूल आहे ना, त्यावरून का नाही? आणि या रस्त्याचे जास्त पैसे पडतील का?"

दादा: अटल सेतू म्हणताय होय. तो धरायला आधी शिवडीपर्यंत जावं लागतं, आणि आज तिकडं जायचं म्हणजे सगळ्या तुंबलेल्या शहरातनं. वर अडीचशे टोल. ऐरोलीला तर आता छोट्या गाड्यांना टोलच नाही. पैशाचं मॅडमनी मनावर घेऊ नये, ते ऑफिस बघेल.

मी: टु रीच दॅट ब्रिज ही वुड हॅव टु क्रॉस द फ्लडेड पार्ट ऑफ द सिटी फर्स्ट, अँड द टोल देअर इज टू हंड्रेड अँड फिफ्टी रुपीज. द ऐरोली ब्रिज हॅज नो टोल फॉर कार्स. यू पे नथिंग एक्स्ट्रा आयदर वे.

बाई: प्लीज टेल हिम थँक यू. अँड टेल हिम आय ॲम सॉरी आय डाउटेड हिम.

मी: दादा, मॅडम आभार मानतायत. शंका घेतली त्याबद्दल माफ करा म्हणतायत.

दादा: असू द्या हो. माणूस नवीन गावात आलं की घाबरणारच. त्यांना विचारा, एसी कमी करू का? मघापासून शाल घट्ट ओढून बसल्यात.

विचारलं. कमी करायला सांगितला.

अकाउंट्ससाठी: ठरल्या वेळेपेक्षा उशीर ४२ मिनिटं, कारण अंधेरी सबवे बंद. पार्ल्याचा वळसा आणि ऐरोलीमार्गे जादा किलोमीटर दादा ड्युटी स्लिपवर वेगळे लिहितील, पार्किंगची पावती सोबत जोडतील. बाईंकडून काहीही घ्यायचं नाही, हे त्यांना इंग्रजीत आणि दादांना मराठीत, दोघांनाही सांगून झालंय.

रात्रपाळीसाठी: वाय-फाय सुटल्यामुळे बाईंचा फोन आता लागणार नाही, दादांच्याच फोनवर बोलावं लागेल. दादा खालापूरच्या फूड मॉलला थांबणार आहेत. तिथे बाईंना काही विचारायचं असलं तर दादा डेस्कला फोन करतील, तो लगेच उचला. हॉटेलला उशिरा पोचण्याचं कळवलं आहे, जेवण ठेवायला सांगितलं आहे.