दत्तामामांना, तिथीने

मामा, साष्टांग नमस्कार. अमृतमहोत्सवाच्या खूप खूप शुभेच्छा!

१ जूनला फोन केला होता, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "हा गुरुजींनी दिलेला वाढदिवस, आईने दिलेला दत्तजयंतीला." म्हणून त्या दिवशीच्या शुभेच्छा पंच्याहत्तर वर्षांच्या कागदाला, आजच्या तुम्हाला. मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १८७२ ते शके १९४७. आज खरी पंच्याहत्तर पूर्ण झाली. त्यात यंदा दत्तजयंती आली गुरुवारी, म्हणजे बोलायलाच नको.

आजी सांगायची, वाडीला पाळणा म्हणायची वेळ झाली होती आणि इकडे तुम्ही आलात. नाव शोधावंच लागलं नाही. पुढे शाळेत घालताना सहा पूर्ण दाखवायची होती, म्हणून गुरुजींनी १ जून १९५० लिहून टाकलं. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मली असणार! गंमत म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, म्हणून ३१ मे २००८ ला तुम्ही घरी. जन्म डिसेंबरअखेरचा लागला असता तर सात महिने नोकरी जास्त झाली असती. मामी अजून तो हिशेब मांडते. तुम्ही मात्र "महाराजांची सेवा करायला सात महिने आधी मोकळा झालो" म्हणता. आम्ही दोघांनाही हो म्हणतो.

बँकेचा शुभेच्छांचा मेसेज जूनमध्येच येणार, हयातीच्या दाखल्यावर तीच तारीख राहणार. ती बदलायच्या भानगडीत आता पडू नका. औक्षण मात्र आजच. संध्याकाळी जन्मकाळ झाला की मामीला निरांजन लावायला सांगा आणि सुंठवडा खाऊन घ्या. साखरेची गोळी आधी. वाडीला गर्दी फार असेल, संगमावर एकटे उतरू नका. घाटाच्या पायऱ्या निसरड्या असतात आणि तुम्ही कोणाचा हात धरत नाही, हे मला माहीत आहे.

मुलं विचारत होती, आजोबांचा वाढदिवस दर वर्षी पळतो का? गेल्या वर्षी १४ डिसेंबर, त्याआधी २६, यंदा ४. मी सांगितलं, चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी लहान, म्हणून मागे मागे सरकतं आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे उडी मारतं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा दत्तजयंती थेट २३ डिसेंबरला.

आणि हो, तो अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे तुमची १ जून नेमकी अधिकात येते. तुमचे भाचेजावई आत्तापासूनच अनारशांची चौकशी करताहेत. त्या दिवशी आम्ही सगळे येतो, मामीला तांदूळ वेळेवर भिजत घालायला सांगा.

तुमची,
मंजू