बाथरूमच्या गळतीचं काम पुन्हा लांबलं, त्याबद्दल

नमस्कार ताई, आज काम पुरं होईल म्हटलं होतं, तेही झालं नाही. मनापासून माफी मागतो. गीझरच्या लाइनचा पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बो बदलला. पण प्रेशर देताच मिक्सरमागचा ब्रास एल्बोही थेंब थेंब गळायला लागला. भिंत बुजवायच्या आधी दिसलं ते बरंच. नवा ब्रास एल्बो उद्या, बुधवारी, सकाळी आणतो. प्लंबर अकराला येईल. सोल्युशन नीट सुकू देऊन गुरुवारी पुन्हा टेस्टिंग, मगच प्लास्टर. टाइल शनिवारी, ओल्या प्लास्टरवर बसवली की पोकळ राहते. तोवर गीझरचा स्विच आणि कॉक दोन्ही बंदच ठेवा. थंड पाणी चालू आहे. या महिन्याचं भाडं ८०० रुपये कमी द्या.