आजीचे पहिले पार्सल

बारीक छपाई वाचता यावी म्हणून आजीला दिवा असलेले भिंग हवे होते. नातवाने फोन तिच्याच हाती दिला आणि सारे तिच्याकडूनच करवून घेतले. पिनकोड, इमारत आणि घर क्रमांक वेगवेगळ्या चौकटींत भरताना आजी प्रत्येक अक्षर पुटपुटत होती. पैसे मात्र वस्तू हाती आल्यावरच द्यायचे, यावर ती ठाम राहिली.

चार दिवसांनी पार्सल आले. आजीने ओटीपी सांगितला, पैसे मोजून दिले आणि घाईत असलेला मुलगा खोके ठेवून निघून गेला. नातू कात्री घेऊन आला, पण आजीने खोक्यावर हात ठेवला. पत्त्याच्या चिकटपट्टीवर घर क्रमांक 203 नव्हे, 302 होता आणि नावही परक्याचे होते. पारदर्शक पाकिटातल्या बिलावर रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची नोंद होती. ॲपमध्ये मात्र आजीचे भिंग ‘पोहोचले’ असे दिसत होते. ओटीपी तिच्याच ऑर्डरचा होता. पिशवीतून खोके तेवढे दुसरे निघाले होते.

“मी तक्रार नोंदवतो, ते येऊन घेऊन जातील,” नातू म्हणाला.

“तोवर ज्यांनी हे मागवलंय त्यांनी काय करायचं? रक्तदाबाचं यंत्र कोणी हौसेनं मागवत नाही. चल वर.”

गुडघे दुखत असूनही आजी जिना चढली. एकाच इमारतीत राहूनही तिसऱ्या मजल्यावरच्या या घराशी तिचा कधी परिचय झाला नव्हता. दार उघडणाऱ्या सुनेने खोके पाहताच सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांच्याकडे आलेले खोके नाव न पाहताच उघडले गेले होते आणि भिंग निघाल्यामुळे तिने ते परत पाठवण्याची विनंतीही नोंदवून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ते गोदामाकडे रवाना झाले असते. नातवाने तिच्या फोनवरून ती विनंती रद्द करवली आणि दोन्ही खोक्यांची अदलाबदल झाली.

तिचे सासरे खुर्चीत बसून होते. औषध बदलल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज रक्तदाब लिहून ठेवायला सांगितले होते. यंत्रासोबतचे माहितीपत्रक त्यांनी डोळ्यांजवळ नेले, दूर धरले आणि खाली ठेवले. आजीने भिंगाचा दिवा लावला, पत्रक मांडीवर पसरले आणि नातू यंत्रात बॅटरी बसवत असताना एकेक सूचना मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या जरा वर.” पुढची ओळ तिने पुन्हा नीट पाहिली. “आणि मोजताना बोलायचं नाही. म्हणजे तुमची चौकशी मी नंतर करते.”