खाडाखोड

रविवार, रात्री उशिरा

प्रिय पत्रमित्र,

सप्रेम नमस्कार. यातलं ‘सप्रेम’ आजवर सवयीने लिहीत आले. आज जरा सावकाश लिहिलंय.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. लगेच फोडलं नाही. भांडी, दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना इस्त्री, सगळं आवरलं आणि मग दिव्याखाली बसले. घाई नव्हती असं नाही. पण पाकीट फोडलं की वाट बघणं संपतं, आणि अलीकडे मला ते लवकर संपवावंसं वाटत नाही.

आधी एक तक्रार. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत खाडाखोड आहे. एरवी चुकलेल्या शब्दावर तुम्ही एकच आडवी रेघ मारता, खालचं सहज वाचता येतं. इथे मात्र इतकं गिरवलंय की कागद पलीकडून उठून आलाय. मी तो दिव्यासमोर धरला, मग उलटा करून त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. ‘तु’ शाबूत आहे. त्याच्यापुढे ‘झी’ होतं. वर बारीक अक्षरात ‘मची’. ‘तुमची आठवण आली.’

खरं सांगा, हात घसरला होता की मन?

उत्तराची घाई नाही. टपालाच्या संथपणाला मी एरवी नावं ठेवते. या खेपेला तेवढे दिवस मलाच हवेत.

तुमच्याबद्दल मी बरंच जमवलंय, न विचारता. तुम्ही डावखुरे आहात. तळहात ओल्या ओळीवरून फिरतो आणि शाई उजवीकडे फरफटत जाते. मनातलं लिहायला लागलात की शिरोरेघ द्यायची विसरता. मागच्या पत्रात पाऊण पान बिनरेघेचं होतं. मी काही मोजत नव्हते, दिसलं आपलं.

फोटो पाठवू का, असं विचारलंत. इतक्यात नको. चेहरा कसा असेल याचं कुतूहल आहेच, खोटं कशाला बोलू? पण सध्या तुमचा तो गाठ मारल्यासारखा ‘ळ’ हजार कागदांतून ओळखेन, एवढं मला पुरतंय. बाकीचं एकेक करून येऊ दे. आवाज आधी.

आणि हे ‘तुम्ही’ आता अवघड व्हायला लागलंय. त्याच्या मागोमाग ‘अहो’ येतं, आणि ते एकदा तोंडून निघून गेलं तर दोघांचीही पंचाईत. तेव्हा पुढच्या वेळी ते अक्षर खोडू नका. सुरुवात मी करते, एकदाच, आणि खोडणार नाही.

तुझी आठवण आली.

तुमची (अजून तरी),
पत्रमैत्रीण

ता. क. वरच्या ओळीवर डाग पडलाय. मी डावखुरी नाही. विचार बदलायच्या आत घडी घातली, शाई वाळायची राहिली.